गैरसमज आधी आला, कबुली नंतर

अंधेरीच्या एखाद्या कॅफेत नवा लेखक रोमँटिक कॉमेडीची गोष्ट ऐकवायला बसला, की चार टप्पे ठरलेले असतात: भेट, अडथळे, गैरसमज आणि शेवटी चारचौघांत दिलेली प्रेमाची कबुली. पण हे चारही एकदम जन्मले नाहीत.

इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्सच्या मिनँडरने प्रेमाची सुखान्त नाटकं लिहिली, तेव्हा अडथळा बहुतेक वेळा बाहेरचा असे: बाप, पैसा, कुळ. मुलगी चांगल्या घरची निघाली की लग्न लागे. नायकाला काही सिद्ध करावं लागत नसे.

अडथळा माणसांच्या मनात शिरला तो कसा, हे आपल्याकडच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये उत्तम दिसतं. त्याचं मूळ फ्रेंच आहे: मोलिएरच्या 1660 च्या एका प्रहसनात नायिकेला भोवळ येते आणि प्रियकराची तसबीर तिच्या हातून पडते. तसबीर शेजारीण उचलते, शेजारणीचा नवरा ती तिच्या हातात बघतो आणि हिसकावून घेतो. मग प्रियकर ती त्या नवऱ्याकडे बघतो. वस्तू एक, संशय घरोघरी! आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून हा गुंता गोविंद बल्लाळ देवलांकडे आला. 1893 साली गद्यात, 1916 साली ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून. इथे खोटं कुणीच बोलत नाही, प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून मोबाइलच्या काळातही तो टिकतो. एका फोनने मिटेल असा गैरसमज मात्र पटकथेत दहा पानंही तग धरत नाही.

तरी देवलांकडे कबुलीचा मोठा प्रसंग लागत नाही, खुलासा झाला की पुरे. तो प्रसंग ठळक केला सिनेमाने. फ्रँक काप्राच्या 1934 च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये (यावरूनच आपल्याकडे 1956 साली ‘चोरी चोरी’ आला) घरातून पळालेल्या नायिकेला वाटतं, नायक आला तो तिला शोधून देण्याच्या दहा हजार डॉलरच्या बक्षिसासाठी. तो मात्र तिच्या बापाकडे प्रवासात झालेल्या खर्चाचे 39 डॉलर 60 सेंटच मागतो. हे कळताच ती भर लग्नातून पळते. मला हा हिशेब त्या पळण्याहूनही मोठा वाटतो, कारण तो नेमक्या तिच्या संशयाचं उत्तर आहे.

आपल्या मसुद्यांत नायक विमानतळाकडे धावतो, ते इथेच फसतं. तिकिटाशिवाय टर्मिनलमध्ये सोडत नाहीत ही अडचण किरकोळ. धावण्याने संशय फिटत नाही, ही खरी. समजा, गिरगावातल्या चाळीतल्या मुलीला कळलं, की हा बिल्डरचा मुलगा आहे आणि आपल्याशी गोड बोलला तो पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सही मिळवायला. मग त्याने भाडेकरूंच्या सभेत उभं राहून बापाने लपवलेला कार्पेट एरियाचा खरा आकडा वाचून दाखवावा. आणि पहिल्याच भेटीत ती फुटपट्टी घेऊन खोली मोजताना दिसलेली असावी.