मासळी आणि रेड वाइन : प्राथमिक सोमेलिए परीक्षेतील एका प्रश्नाची पार्श्वभूमी

मासळीसोबत व्हाइट वाइन आणि मांसासोबत रेड, हा नियम सोमेलिएच्या, म्हणजे हॉटेलात वाइन सुचवून वाढणाऱ्या तज्ज्ञाच्या, लेखी परीक्षांपेक्षा बराच जुना आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील श्रीमंतांच्या मेजवान्यांत सगळे पदार्थ एकदम मांडण्याऐवजी एकामागून एक वाढण्याची पद्धत रुळली आणि प्रत्येक पदार्थाबरोबर स्वतंत्र वाइन देण्याचा क्रमही तिच्यासोबत पक्का झाला. 1969 साली लंडनमध्ये सोमेलिएंची पहिली वरिष्ठ परीक्षा झाली, तेव्हा हा क्रम व्यवसायाच्या अंगवळणी पडलेला होता.

पुढे प्राथमिक पातळीवरच्या परीक्षा आल्या आणि त्यांचे स्वरूप बहुपर्यायी झाले. आज एका प्रचलित परीक्षेत 45 मिनिटांत 30 प्रश्न सोडवायचे असतात. अशा प्रश्नाला एकच निर्विवाद उत्तर लागते, आणि ‘मासळी म्हणजे व्हाइट’ हे उत्तर त्या साच्यात सहज बसत होते. मात्र अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चिली येथील वाइन द्राक्षवाणाच्या नावाने विकल्या जाऊ लागल्यावर अभ्यासक्रमाचा पायाच बदलला. काबर्ने सोव्हिन्यों आणि पिनो नुआर या दोन्ही रेड वाइन असल्या, तरी पहिलीचा तुरटपणा दुसरीत नसतो, हे ज्या विद्यार्थ्याला पहिल्याच धड्यात शिकवले जाते, त्याला पदार्थ आणि वाइन यांच्या जोडणीच्या धड्यात केवळ रंग पाहून निर्णय घ्यायला सांगणे विसंगत होते.

या विसंगतीतूनच, आजही वादग्रस्त असलेला, एक निर्णय झाला : जोडणी पदार्थाच्या नावावरून न विचारता पदार्थातील मूळ चवींवरून विचारायची. पदार्थातील गोडवा आणि उमामी, म्हणजे मांसाच्या रश्शासारखी भरीव चव, यांमुळे वाइन अधिक तुरट, कडू आणि आंबट भासते. मीठ आणि आंबटपणा यांमुळे ती मऊ वाटते. तिखटामुळे अल्कोहोलचा दाह वाढतो. यांपैकी उमामीचे कलम पटवून घेण्यासाठी तुरटपणा आणणारे टॅनिन असलेल्या रेड वाइनचा घोट आधी कच्च्या आणि मग शिजवलेल्या अळिंबीच्या फोडीनंतर घेऊन पाहावा. शिजवल्यावर अळिंबीची उमामी चव ठळक होते आणि तीच वाइन कडवट लागते; त्याच फोडीवर मीठ आणि लिंबाचे थेंब टाकले की कडवटपणा बराच ओसरतो. विरोधकांचा आक्षेप असा की प्रत्येकाची जीभ वेगळी असते, त्यामुळे चवी आणि त्यांचे परिणाम यांच्या अशा तक्त्यावर गुण देणे अन्यायाचे आहे. आक्षेप खरा असला, तरी माझ्या मते तो जुन्या नियमाला अधिक लागू पडतो, कारण तक्ता निदान कारण सांगतो आणि नियम तेही सांगत नव्हता.

मासळीच्या बाबतीत मात्र तक्त्याचे स्पष्टीकरणही अपुरे ठरले. मासळीबरोबर रेड वाइन घेतल्यावर तोंडात उरणाऱ्या उग्र वासाचा दोष वर्षानुवर्षे टॅनिनला दिला जात होता. 2009 साली जपानमधील संशोधकांनी अनेक रेड आणि व्हाइट वाइन सुकवलेल्या शिंपल्यांबरोबर चाखून तपासल्या, तेव्हा हा वास वाइनमधील विरघळलेल्या लोहाशी निगडित असल्याचे आढळले. लोह बांधून ठेवणारा पदार्थ मिसळताच वास कमी झाला. म्हणजे कमी लोहाची रेड वाइन मासळीबरोबर चालू शकते आणि जास्त लोहाची व्हाइट बिघडू शकते.

मुंबई, पुणे किंवा गोव्यातील हॉटेलांतून या परीक्षेला बसणाऱ्या उमेदवारासाठी एक उदाहरण घेऊ. लाल तिखट, मीठ आणि लिंबू लावून तळलेला बांगडा. पर्याय आहेत काबर्ने सोव्हिन्यों, ओकमध्ये मुरलेली 14.5 टक्के अल्कोहोलची शार्दोने, पूर्ण कोरडी, हलकी सोव्हिन्यों ब्लां आणि किंचित गोडसर शेनिन ब्लां. तिखटामुळे काबर्नेचा तुरटपणा आणि शार्दोनेचा दाह दोन्ही वाढतील. जुन्या नियमाने उरलेल्या तिन्ही व्हाइट सारख्याच बरोबर ठरल्या असत्या; नव्या पद्धतीत शेनिन निवडली जाते, कारण तिचा गोडवा तिखटाला सावरून घेतो आणि तिची आम्लता लिंबापुढे फिकी पडत नाही. नाशिक भागात अशी शेनिन तयार होते, त्यामुळे हे उत्तर प्रत्यक्ष टेबलावरही देता येते.

वाढण्याचे तापमानही याच प्रश्नात गुंतलेले आहे. ग्राहक रेडच मागत असेल, तर गामेसारखी हलकी, कमी टॅनिनची वाइन 13 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करून द्यावी. काबर्ने तितकी थंड केली, तर तिचा तुरटपणा उलट अधिक बोचतो. तिच्यासाठी 15 ते 18 अंश ठीक. यातले कोणतेही ज्ञान लोहापर्यंत पोहोचत नाही, कारण लोहाचे प्रमाण ना द्राक्षवाणावरून ठरते, ना लेबलवर छापलेले असते. म्हणून प्राथमिक प्रश्नपत्रिकेत मासळीसाठी ‘कमी टॅनिनची वाइन’ हेच उत्तर ग्राह्य धरले जाते, आणि कारण अपुरे असले तरी उमेदवाराला तेच निवडावे लागते.