डोळा सरळ, तक्रार काहीच नाही, तरी एका डोळ्याला नीट दिसत नाही

लहान मुलांमध्ये एक प्रकार असा असतो की मूल टीव्ही लांबून बघतं, चित्रं रंगवतं, जमिनीवर पडलेला बारीक मणीसुद्धा उचलतं, आणि तरी त्याच्या एका डोळ्याला धड दिसत नसतं. घरात कुणालाच कळत नाही कारण चांगला डोळा सगळं काम निभावून नेतो, आणि मुलाला जन्मापासून असंच दिसत असल्यामुळे तक्रार करायची असते हे त्याला माहीतच नसतं. याला डॉक्टर अँब्लायोपिया म्हणतात, बोलताना आपण आळशी डोळा म्हणतो. शंभरातल्या साधारण दोन-तीन मुलांना तो असतो. खरंतर डोळा आळशी वगैरे नसतो, त्या डोळ्याकडून येणारं चित्र वाचायला मेंदू नीट शिकलेलाच नसतो.

हे होतं कसं ते एका उदाहरणाने बघू. समजा पाच वर्षांची मुलगी आहे, उजव्या डोळ्याचा नंबर +१ आणि डाव्याचा +४.५. प्लस नंबर म्हणजे चित्र पडद्याच्या मागे फोकस होतं, पण लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग खूप लवचिक असतं, ते जोर लावून फोकस पुढे आणू शकतं. अडचण अशी की हा जोर दोन्ही डोळ्यांना एकदम आणि सारखाच लागतो, एका डोळ्याला जास्त दुसऱ्याला कमी असं करता येत नाही. मग उजव्याचं चित्र स्पष्ट होण्यापुरता एक नंबराचा जोर लागतो, मेंदूचं काम झालं, तो तिथेच थांबतो आणि डाव्याला अजून साडेतीन कमीच पडतात. जवळचं पुस्तक बघताना जोर वाढतो, पण दोन्हीकडे सारखाच वाढतो, म्हणजे डावा परत साडेतीनने मागेच. त्या डोळ्याला लांबचं नाही, जवळचं नाही, कुठलंच अंतर कधीच स्पष्ट मिळत नाही. म्हणून दोन्ही डोळ्यांच्या प्लस नंबरमध्ये मोठा फरक असणं हे मला यातलं सगळ्यात फसवं कारण वाटतं, कारण बाहेरून डोळे अगदी सरळ आणि सुंदर दिसतात.

मेंदूत काय होतं हे ह्युबेल आणि वीझल या दोघांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं. लहानपणी एक डोळा काही काळ बंद ठेवला तर मेंदूतल्या दृष्टीच्या भागातल्या बहुतेक पेशी उघड्या डोळ्यालाच प्रतिसाद द्यायला लागतात, बंद डोळ्याची जागा दुसरा घेतो. तेच मोठ्या मांजरात केलं तर असं काही होत नाही. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं. माणसाच्या मुलात हा घडण्याचा काळ पहिली सात-आठ वर्षं जोरात असतो, आणि लवकर तपासा म्हणतात ते यासाठीच, की ज्या काळात बिघडू शकतं त्याच काळात ते सगळ्यात सहज सुधारतंही.

तिरळेपणात वाट वेगळी पण शेवट तोच. दोन डोळे दोन दिशांना बघतात म्हणजे दोन वेगळी चित्रं येतात, एकाची दोन दिसू नये म्हणून मेंदू वळलेल्या डोळ्याचं चित्र दाबून टाकतो. कायम एकच डोळा वळत असेल तर तो कमजोर होतो, आलटून पालटून वळत असेल तर बहुतेकदा दोन्ही टिकतात. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून वळले तर चालतं, नंतर नाही. काही बाळांच्या नाकाचा पूल रुंद असतो म्हणून डोळे आत वळल्यासारखे नुसते भासतात, पण ते भास आहे की खरंच हे घरी ठरवू नका, डॉक्टरला दाखवा. आणि फोटोत बाहुलीत लालऐवजी पांढरी चमक दिसली तर अजिबात थांबू नका, लगेच दाखवा, कारण मोतीबिंदू किंवा डोळ्यातला कॅन्सरही तसा दिसू शकतो.

आता तपासणी. दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचायला लावलं तर आपल्या उदाहरणातली मुलगी झकास पास होईल. एकेक डोळा वेगळा तपासायला हवा, आणि हाताने झाकून नाही, मुलं बोटांच्या फटीतून बघतात, त्यांना ती लबाडी वाटत नाही, दिसतंय तिथून बघतात इतकंच. चिकटपट्टी लावून झाकणं उत्तम. अजून एक गोष्ट म्हणजे कमजोर डोळा एकटं अक्षर बऱ्यापैकी ओळखतो पण तेच ओळीत, शेजारी इतर अक्षरं असली की गडबडतो, म्हणून सुटं एकेक चित्र दाखवून केलेल्या चाचणीत डोळा आहे त्यापेक्षा बरा वाटतो. शंका आली की बाहुली मोठी करणारे थेंब टाकून नंबर काढतात, कारण त्याने भिंगाचा जोर सुटतो आणि लपलेला प्लस नंबर बाहेर येतो. थेंब न टाकता काढलेल्या नंबरवर लहान मुलाच्या बाबतीत भरवसा ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

समजा त्या मुलीचा डावा डोळा ६/३६ निघाला, म्हणजे चांगल्या डोळ्याला जे ३६ मीटरवरून ओळखता येतं ते ओळखायला हिला ६ मीटरवर यावं लागतं. पहिला उपाय पट्टी नाही, चष्मा. चष्मा लावल्या लावल्या ६/६ होत नाही आणि इथेच बरेच पालक हिरमुसतात, चष्म्याचा उपयोग नाही म्हणून काढून ठेवतात. पण डोळ्याला आता पहिल्यांदा स्पष्ट चित्र मिळायला लागलेलं असतं आणि मेंदू ते हळूहळू शिकतो, ही सुधारणा चार-साडेचार महिने चालू राहू शकते. काही मुलांचं तर फक्त चष्म्यावर भागतं. प्लस नंबरमुळे डोळा आत वळत असेल तर चष्म्याने जोर लावायची गरज संपते आणि डोळा बऱ्याचदा सरळही होतो.

आपली मुलगी चष्म्याने ६/१८ वर येऊन थांबली असं धरू. आता पट्टी, आणि ती चांगल्या म्हणजे उजव्या डोळ्यावर, थेट त्वचेवर चिकटवून, वरून चष्मा. चष्म्याच्या काचेवर लावली तर मुलं बाजूने डोकावतात. पूर्वी दिवसभर पट्टी ठेवायचे, पण अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांत २००३ मध्ये असं दिसलं की मध्यम कमजोरीत रोज २ तास आणि ६ तास यांच्यात चार महिन्यांनी फरक नाही, आणि जास्त कमजोरीत ६ तासांनी जवळपास दिवसभराइतकाच फायदा होतो. म्हणून हिला रोज २ तास. त्या वेळात चित्र रंगवणं, गोष्टीचं पुस्तक असलं काही दिलं की मूल रमतं. पहिले काही दिवस मूल पट्टी ओढून काढणार, रडणार, कारण आपण त्याचा दिसणारा डोळाच झाकलाय, हा हट्ट नाही. फारच त्रास होत असेल तर चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालून त्याचं जवळचं धूसर करतात, मध्यम कमजोरीत त्याचाही परिणाम पट्टीसारखाच येतो.

सुधारणा होत नसेल तर आधी हे बघायचं की पट्टी खरंच रोज तितका वेळ लागते का, आणि चष्मा दिवसभर असतो का. दर दीड-दोन महिन्यांनी दोन्ही डोळे तपासतात, कारण पट्टी अति झाली तर क्वचित चांगला डोळाच मागे पडतो. तिरळेपणाचं ऑपरेशन झालं तरी हे सगळं चुकत नाही, ऑपरेशनने डोळ्याची दिशा बदलते, कमजोरी तशीच राहते.

डावा डोळा ६/९ वर आला की पट्टी संपली असं वाटतं, पण उपचार थांबवल्यावर पहिल्या वर्षात साधारण चारातल्या एका मुलाची नजर परत थोडी घसरते. ज्यांना ६ तास वगैरे लागत होती त्यांनी एकदम बंद करण्याऐवजी आधी २ तासांवर आणून मग थांबवली तर घसरण कमी दिसते. चष्मा मात्र चालूच राहतो, नंबरातला फरक कुठे गेलेला नसतो. आणि निदान नऊ-दहा वर्षांच्या वयात झालं म्हणून सोडून देऊ नका, सात ते बारा वयातही बऱ्याच मुलांना पट्टीने फायदा झालेला आहे, फक्त वेळ जास्त लागतो आणि पूर्ण नजर येईलच असं नाही.