तिरक्या फोटोतली बस

माझी भाची नाशिकच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा तिने लेक्चरमधल्या स्लाइडचा फोटो मला पाठवला आणि संध्याकाळी वही घेऊन घरीच आली. स्लाइडवर एका शहर बसचा वेग-काल आलेख होता. एक तिरकी रेघ वर चढते, मग बराच वेळ आडवी जाते आणि शेवटी झपकन खाली येते. फोटो शेवटच्या बाकावरून, तोही उजव्या कोपऱ्यातून काढलेला. त्यामुळे पडद्याची डावी बाजू आखडलेली दिसत होती आणि उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते फोटोबाहेर गेलं होतं. अक्षावरचे आकडे तेवढे दिसत होते : ०, १८, ३६, ५४. खाली आडव्या अक्षावर मात्र वेळ सेकंदांत आहे हे स्पष्ट वाचता येत होतं आणि दर १० सेकंदांना एक उभी रेघ होती.

“मामा, स्लोप म्हणजे टॅन थीटा ना? मग मी कोन मोजला,” ती म्हणाली. तिने मोबाइलच्या स्क्रीनवर कोनमापक ठेवून चढत्या रेघेचा कोन मोजला होता. तो ५० अंश भरला, टॅन काढला १.१९, आणि त्वरण म्हणून वहीत तेच लिहिलं.

ही चूक तिच्या एकटीची नाही. गणितात रेघेचा उतार शिकताना दोन्ही अक्षांवर एकाच मापाचे आकडे असतात, म्हणून तिथे कोन चालतो. इथे आडव्या अक्षावर सेकंद आहेत आणि उभ्या अक्षावर वेग. एका सेकंदाला किती मिलिमीटर जागा द्यायची हे स्लाइड बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. त्याने आलेख आडवा ताणला असता तर तीच रेघ ३० अंशांवर आली असती, आणि बस मात्र होती तशीच धावली असती. त्यातून हा फोटो बाजूने काढलेला, म्हणजे स्लाइडवरचा कोनही त्यात उरलेला नाही.

मग तिरक्या फोटोतून खरं काय वाचता येतं? सरळ रेघ फोटोतही सरळच राहते, आणि स्लाइडवर दोन रेघा जिथे छेदतात तिथेच त्या फोटोतही छेदतात. बदलतात ते कोन आणि अंतरं. म्हणून पट्टी बाजूला ठेवायची आणि चौकटीच्या रेघेवर बोट ठेवून अक्षापर्यंत जायचं. ती रेघ फोटोत तिरकी गेली तर बोटही तिरकं न्यायचं. एखादा बिंदू चौकोनाच्या मधेच आला, तर पट्टीने काढलेला मध्य फसवतो, कारण लांबची बाजू फोटोत आखडते. अशा वेळी चौकोनाचे दोन्ही कर्ण काढावेत. ते जिथे छेदतात तोच त्या चौकोनाचा खरा मध्य, फोटो कितीही तिरका असला तरी.

अशी बोटं फिरवून तिने आकडे काढले. वेग २० सेकंदांत ० वरून ५४ वर जातो, ६० व्या सेकंदापर्यंत तिथेच राहतो आणि ७० व्या सेकंदाला पुन्हा ० होतो. आता ५४ म्हणजे काय? तिने सरळ मीटर प्रति सेकंद धरलं होतं. मी तिला ५४ ला ३.६ ने गुणायला सांगितलं. उत्तर आलं १९४ किलोमीटर ताशी. “द्वारका चौकातून अशी बस जाईल का गं?” ती हसली आणि एकक तिचं तिनेच सांगितलं : किलोमीटर प्रति तास. आकड्यांतही ती खूण होतीच. अक्षावर १८, ३६, ५४, ७२ असे आकडे दिसले की बहुधा ते किलोमीटर प्रति तास असतात, कारण ३.६ ने भागल्यावर त्यांचे नेमके ५, १०, १५, २० मीटर प्रति सेकंद होतात. पेपर काढणाऱ्यांचे हे आवडते आकडे. ३.६ कुठून येतात, तर तासाचे ३६०० सेकंद आणि किलोमीटरचे १००० मीटर यांच्या भागाकारातून.

आता उतार. वेग १५ मीटर प्रति सेकंदाने वाढला आणि त्याला २० सेकंद लागले. भागाकार ०.७५. पण नुसतं ०.७५ लिहून भागत नाही. दर सेकंदाला बसचा वेग ०.७५ मीटर प्रति सेकंद इतका वाढत गेला, असं आपण मोठ्याने म्हटलं की त्यात ‘सेकंद’ दोनदा येतो. मीटर प्रति सेकंद वर्ग हे एकक तिथूनच येतं. सेकंदाचा चौरस डोळ्यांसमोर आणायची गरजच नाही. ब्रेक लागल्यावरचा उतार उणे १५ भागिले १०, म्हणजे उणे १.५. रेघ खाली येते म्हणजे बस मागे येते, असं पुष्कळांना वाटतं. पण रेघ अक्षाच्या वर आहे तोवर बस पुढेच चाललेली असते, फक्त मंदावत.

वेग-काल आलेखात रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर. तिथे भाची जास्त अडली. “जागेचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, मग याचं अंतर कसं होतं?” प्रश्न अगदी रास्त होता. मी तिला एकच चौकोन दाखवला. त्याची रुंदी १० सेकंद, उंची १८ किलोमीटर प्रति तास म्हणजेच ५ मीटर प्रति सेकंद. दर सेकंदाला ५ मीटर असं १० सेकंद चाललं की ५० मीटर होतात. गुणाकारात सेकंद सेकंदाला खाऊन टाकतो आणि मीटर उरतात. म्हणजे या आलेखावरचा प्रत्येक चौकोन ५० मीटरचा. फोटोत डावीकडचे चौकोन चिंचोळे आणि उजवीकडचे ऐसपैस दिसतात, तरी प्रत्येकाची किंमत ५० मीटरच.

मग आम्ही चौकोन मोजले. मधल्या आडव्या भागाखाली रुंदीला ४ आणि उंचीला ३, म्हणजे १२. चढत्या रेघेखालचा त्रिकोण २ गुणिले ३ च्या आयताच्या निम्मा, म्हणजे ३. ते निम्मं का, तर वेग एकसारखा वाढत असताना बस सरासरीने निम्म्या वेगाने गेल्यासारखीच असते. उतरत्या रेघेखाली दीड. एकूण साडेसोळा चौकोन, म्हणजे ८२५ मीटर. तिच्या वहीत आधी २९७० होते, कारण तिने सेकंद आणि किलोमीटर प्रति तास तसेच गुणले होते. ते २९७० ना मीटर आहेत, ना किलोमीटर. त्यांना ३.६ ने भागलं की ८२५ च येतात. उत्तर ताडून बघायला एक सोपी युक्ती आहे : बस सगळा वेळ पूर्ण वेगात असती तर ७० सेकंदांत १०५० मीटर गेली असती. खरं अंतर त्याहून कमीच असायला हवं.

निघताना तिने ७० व्या सेकंदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “इथे उतार उणे दीडवरून एकदम शून्य होतो. असं खरंच होतं?” स्लाइडवर होतं, रस्त्यावर इतकं टोकदार नाही होत. पण थांब्यावर बस थांबते त्या क्षणी उभे असलेले लोक मागे हेलपाटतात, ते या कोपऱ्यामुळेच. ब्रेक लागलेला असताना आपण अंग मागे ओढून तोल धरलेला असतो, आणि बस थांबताच ज्याच्यासाठी धरला ते त्वरणच नाहीसं होतं. सराईत ड्रायव्हर थांबायच्या जरा आधी ब्रेकवरचा पाय हलका करतो. त्याच्या बसचा आलेख काढला तर तिथे कोपरा दिसणार नाही, रेघ हळूच वळून अक्षाला टेकलेली दिसेल.