दोन दुकानांची मिळून जाहिरात: मजकूर छापायला देण्याआधी

दोन व्यावसायिक मिळून काही सुरू करतात, एक जण मजकूर लिहून आणतो, आम्ही छापतो आणि दुसऱ्याचा फोन येतो, "यात माझं नाव कुठंय?" नाव असतं, पण ते "यांच्या सहकार्याने" या शब्दांच्या आधी, बारीक अक्षरात. पत्रकं पुन्हा छापावी लागतात, कागद वाया जातो आणि दोघांत कुरबुर होते ती वेगळीच. म्हणून आम्ही असा मजकूर आधी नव्याने लिहून देतो. कसा, ते एका नेहमीच्या उदाहरणावर पाहा. साडीचं दुकान आणि लेडीज टेलर असे दोघे एकत्र आले आहेत. आलेला मजकूर साधारण असा असतो:

"ग्राहकांच्या आग्रहास्तव आमच्या दालनात टेलरच्या सहकार्याने ब्लाउज शिलाई सेवा सुरू करण्यात येत आहे. साडीसोबत ब्लाउज शिवून मिळेल. तरी सर्वांनी लाभ घ्यावा."

खरी गोची "शिवून मिळेल" या दोन शब्दांत आहे. ब्लाउज मिळणार हे कळतं, शिवणार कोण ते कळत नाही. त्यात "आमच्या" हा शब्द फक्त साडीवाल्यांचा, त्यामुळे टेलर त्यांच्याकडे नोकरीला लागले असं वाचणाऱ्याला वाटतं. टेलरची जुनी गिऱ्हाइकं मग विचारतात, "बाहेरची साडी आता घेत नाही का?" नाव मोठं करून हे सुटत नाही. जो काम करतो तो वाक्याचा कर्ता झाला पाहिजे. "सौजन्याने" तर टाळाच, त्याने टेलरने जाहिरातीचा खर्च दिला असा अर्थ होतो.

आम्ही लिहून दिलेला मजकूर:

"साडी घ्या, तिथेच ब्लाउजचं माप द्या, आठव्या दिवशी ब्लाउज तिथूनच न्या. साडी आणि अस्तर साडीच्या दुकानाचं, शिलाई टेलरची. बुधवारी आणि शनिवारी दुपारी 4 ते 7 टेलर स्वतः दुकानात माप घेतील. फिटिंगमध्ये फरक वाटला तर टेलर दुरुस्त करून देतील. दुसरीकडे घेतलेल्या साडीचं ब्लाउज टेलरच्या दुकानात नेहमीप्रमाणे शिवून देतील."

छापताना "साडीचं दुकान" आणि "टेलर" या जागी पाटीवर आहेत तशी पूर्ण नावं येतात. पहिल्या ओळीत दोघांपैकी कुणाचंच नाव नाही, हे मुद्दाम. तिथे गिऱ्हाइकाची वाचलेली एक फेरी आहे. नावं त्यानंतर, ज्या क्रमाने गिऱ्हाइकाला गरज पडते त्या क्रमाने. टेलरच्या दुकानात लावायच्या प्रतीत हाच क्रम उलटा करतो, म्हणून एका मजकुराच्या दोन प्रती देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

आठ दिवसांचा शब्द मात्र टेलरला विचारूनच द्या. दिवाळीच्या तोंडावर आणि लग्नसराईत तो पाळला जात नाही, आणि बोलणी खावी लागतात काउंटरवरच्या माणसाला. त्या दिवसांत "माप देताना तारीख सांगू" एवढंच लिहावं. सूट देणार असाल तर ती साडीवर की शिलाईवर, हे स्पष्ट हवं. नुसतं "10 टक्के सूट" लिहिलं की गिऱ्हाईक दोन्हीकडे मागतं.

लोगोंची उंची सारखी ठेवली की दोघं सारखे दिसतात, असं नाही. आडवा लांब लोगो त्याच उंचीच्या गोल लोगोपेक्षा बराच जास्त जागा खातो. म्हणून गोल लोगो आम्ही थोडा उंच ठेवतो. पट्टीने मोजून तक्रार करू नका, हातभर लांब धरून बघा.

आणखी एक शब्द आम्ही खोडतो, तो म्हणजे "भागीदार". खरोखर भागीदारी असेल तर जरूर लिहा. पण 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 28 नुसार, जो स्वतःला भागीदार म्हणवतो किंवा जाणूनबुजून तसं म्हणू देतो, त्याच्यावर त्या भरवशावर उधार देणाऱ्यापुढे भागीदारासारखी जबाबदारी येऊ शकते. साडीवाल्यांच्या व्यापाऱ्याने उद्या टेलरच्या दारात उभं राहू नये, एवढ्यासाठी ही खोडाखोड. प्रत्यक्षात करार काय आहे, ते वकिलांना विचारा.

प्रूफ आम्ही दोघांच्या फोनवर वेगवेगळं पाठवतो आणि दोन्हीकडून "ठीक" आल्याशिवाय प्लेट करत नाही. "त्यांना मी सांगतो, तुम्ही छापा" हे आम्ही ऐकत नाही. यात एखादा दिवस जातो, पण पुन्हा छपाई करायची तर त्याहून जास्त जातो. दोन वेळचे बदल मजकुराच्या दरात धरलेले आहेत. प्लेट झाल्यावरचा बदल नव्या प्लेटच्या खर्चाने.

येताना दोन्ही पाट्यांचे फोटो आणा. शिलाईचे पैसे कोण घेणार आणि दुरुस्तीसाठी कोणाचा नंबर छापायचा, हे दोघांनी आधी ठरवा. हे ठरलेलं असेल तर मजकूर तुमच्यासमोर बसूनच लिहून होतो.