नाव झाकलं, पण वजाबाकी उघडी राहिली

“फॉर्मवर नाव विचारलेलं नाही, म्हणजे कोणी काय लिहिलं ते कळणार नाही.” थ्री-सिक्स्टी फीडबॅक सुरू करणाऱ्या प्रत्येक कंपनीत हे वाक्य ऐकायला मिळतं. वरिष्ठ, बरोबरीचे आणि हाताखालचे अशा तिन्ही बाजूंनी एका माणसाबद्दल मत घ्यायचं, वरिष्ठ सोडून बाकीच्यांची नावं गुप्त ठेवायची आणि सगळ्याचा एक अहवाल त्या माणसाच्या हाती द्यायचा, अशी ही पद्धत. मी कित्येक वर्षं असे फॉर्म आणि अहवाल तयार करते आहे. गुप्तता फुटते ती बहुतेक वेळा अहवालातल्या साध्या सरासरीतून, आणि त्यासाठी शाळेतली वजाबाकी पुरते.

सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या विभागप्रमुखाच्या अहवालाचंच उदाहरण घेते. ओळख पटू नये म्हणून आकडे बदलले आहेत, मांडणी मात्र तीच आहे. विधान होतं, “अडचण सांगितली तर शांतपणे ऐकून घेतात.” गुण १ ते ५. हाताखालच्या चौघांनी उत्तरं दिली, त्यांची सरासरी ४.२५. बरोबरीच्यांपैकी एकाचंच उत्तर आलं होतं, म्हणून नियमाप्रमाणे त्या रकान्यात फक्त आडवी रेघ. हा नियम बऱ्याच ठिकाणी असतो: गटात तिघांपेक्षा कमी उत्तरं असतील तर त्या गटाचा आकडा दाखवायचा नाही. इथवर सगळं ठीक होतं. पण खाली आणखी एक ओळ होती: “वरिष्ठ वगळून सर्व, ५ जण, सरासरी ३.८”.

आता गणित करू. पाच जणांची ३.८ म्हणजे एकूण १९ गुण. चौघांची ४.२५ म्हणजे १७. एकोणीसातून सतरा गेले, उरले २. आडव्या रेघेमागे झाकलेल्या माणसाने पाचापैकी दोनच गुण दिले होते. विभागप्रमुखाच्या बरोबरीच्या हुद्द्यावर दोनच माणसं, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. दुसरी कोण, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

म्हणून एक आकडा झाकला की तो ज्या बेरजेतून परत काढता येतो, ती बेरीजही झाकावी लागते. जनगणनेसारखी आकडेवारी छापणारे लोक ही काळजी फार पूर्वीपासून घेत आले आहेत. वरच्या उदाहरणात दोन रस्ते होते. एकतर “सर्व” ही ओळ काढून टाकायची, नाहीतर पाचही जणांचा एकच गट करून ३.८ दाखवायचे आणि ४.२५ दाखवायचेच नाहीत. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की गुप्तता संपली.

तीन जणांच्या मर्यादेतही एक भोक आहे. तिघांची सरासरी १.० आली, तर तिघांनीही एकच गुण दिला हे उघड होतं. कोणी काय दिलं हा प्रश्नच उरत नाही. शिवाय तिघांपैकी एकाने चहाच्या टपरीवर “मी तर पाच दिले” असं सांगून टाकलं, की बाकी दोघांची बेरीज हाती येते. पाच जणांच्या गटात हे बरंच अवघड होतं. म्हणून हाताखालच्यांच्या गटासाठी मी पाचचा आग्रह धरते. लहान विभागात ते जमत नसेल तर आकडे देऊच नयेत, फक्त शेरे द्यावेत.

एवढा खटाटोप कशासाठी? डेव्हिड अँटोनिओनी यांचा १९९४ चा अभ्यास आहे. हाताखालच्या लोकांना नाव द्यावं लागलं तेव्हा त्यांनी साहेबांना जास्त गुण दिले, आणि साहेबांनाही नावासकटचाच फीडबॅक आवडला. वाचणाऱ्याला नाव हवं असतं, पण नाव आलं की गुण फुगतात.

हे आकडे किती मनावर घ्यायचे, तेही सांगते. स्टीव्हन स्कलन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हजारो व्यवस्थापकांचे असे गुण तपासले. गुणांमधल्या फरकाचा निम्म्याहून मोठा वाटा गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या मोजपट्टीचा निघाला. कुणाचा हात सैल, कुणाचा आखडता. त्यामुळे ३.८ आणि ३.९ मधल्या फरकावर कुणाची पगारवाढ ठरवणं चुकीचं आहे. काही ठिकाणी तर हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणाऱ्यांना बोलावून त्यांचं मत अहवालाला जोडतात. हस्ताक्षरावरून कामातली कुवत कळते असं तपासण्यांमध्ये दिसलेलं नाही. ते पान अहवालात नकोच.

आकड्यांपेक्षा कामाचे असतात ते शेरे, आणि खरी ओढाताण तिथेच आहे. शेरा उपयोगी पडायला प्रसंग हवा. पण प्रसंग आला की लिहिणारा ओळखू येतो. त्याच कारखान्याच्या धर्तीवर एक शेरा बघा: “१२ तारखेच्या रात्रपाळीत मशीन बंद पडलं तेव्हा सगळ्यांसमोर मला म्हणाले, तुला अक्कल आहे का.” हा कुणी लिहिला ते साहेबांना लगेच कळेल. घाबरून तोच माणूस लिहितो, “वागणूक सुधारावी.” आता तो सुरक्षित आहे, पण साहेबांनी उद्या सकाळी नेमकं काय वेगळं करायचं? शिवाय असा शेरा माणसाच्या जिव्हारी लागतो. अव्हराम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा तिनातल्या एकाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम उलट बिघडलेलं दिसलं. त्यांचं स्पष्टीकरण असं, की लक्ष कामावरून उडून “मी कसा आहे” याकडे वळलं की फीडबॅक बाधतो.

यातून वाट काढायची ती प्रश्न बदलून. “काय सुधारावं?” असं मी विचारत नाही. विचारते, “गेल्या सहा महिन्यांत निदान दोनदा पाहिलेली एक गोष्ट लिहा. ती कधी घडते, ते काय करतात, त्याचा तुमच्या कामावर काय परिणाम होतो? तारीख, पाळी, माणसांची नावं नकोत.” “निदान दोनदा” या शब्दांनी प्रसंगाची सवय होते, आणि सवय अनेकांनी पाहिलेली असते. मग तोच शेरा असा येतो: “मशीन बंद पडल्याचं सांगितलं की आधी चूक कुणाची ते विचारतात. त्यामुळे सांगायला आम्ही उशीर करतो. आधी काय करायचं ते सांगावं, चूक नंतर शोधावी.” लिहिणारा झाकला गेला आणि साहेबांच्या हाती करण्याजोगी गोष्ट आली.

आणखी एक भोक आहे, ते बुजवायचं फार जणांच्या राहून जातं. बरीच सॉफ्टवेअर प्रत्येक प्रश्नाखाली शेरे उत्तरं आली त्याच क्रमाने छापतात. मग पहिल्या प्रश्नातला तिसरा शेरा आणि पाचव्यातला तिसरा शेरा एकाच माणसाचा. एका ठिकाणी ओळखला की सगळीकडे ओळखला. प्रत्येक प्रश्नाखाली क्रम वेगळा पिसावा, निदान अहवाल छापण्यापूर्वी एकदा डोळ्यांखालून घालावा.

शिवीगाळ असलेला शेरा आला तर मी तो स्वतः दुरुस्त करत नाही, कारण माझे शब्द त्याच्या तोंडी जातात. नाव न कळता तो लिंकवरून लिहिणाऱ्याकडेच परत पाठवते: “यात काय घडतं ते राहू द्या, माणसाला लावलेलं विशेषण काढा.” फार थोडे जण नकार देतात. छळाची किंवा पैसे खाल्ल्याची तक्रार असेल तर ती या अहवालात येऊच देत नाही. त्यासाठी तक्रार समिती आहे, आणि तिचा पत्ता फॉर्मच्या पहिल्याच पानावर असतो.

अहवाल हातात पडल्यावर काय, याबद्दल ॲलन वॉकर आणि जेम्स स्मिदर यांनी पाच वर्षं पाठपुरावा केला. हाताखालच्या लोकांसमोर बसून फीडबॅकवर बोलणाऱ्या व्यवस्थापकांमध्ये न बोलणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. त्या विभागप्रमुखाला मी एवढंच सांगितलं, की कोणी लिहिलं ते विचारायचं नाही आणि एकच गोष्ट निवडायची. त्याने पाळी बदलताना सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाला, “मशीन बंद पडलं की आधी मला फोन करा. चूक कुणाची ते मी त्या पाळीत विचारणार नाही.” महिनाभराने मी गेले तेव्हा त्याचा नंबर मशीनच्या पॅनलवर खडूने लिहिलेला होता.