कोडला हात लावला नाही, तर अ‍ॅप बंद पडतं का?

“अ‍ॅप एकदा चालू झालं की कोडला हात लावू नका, ते वर्षानुवर्षं चालतं.”

जुन्या फोनवर चालतं, म्हणून हे पटतं. पण अ‍ॅप कोणत्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी बनवलंय ते सांगणारा `targetSdk` हा आकडा फार जुना राहिला, तर नव्या अँड्रॉइडवरच्या नव्या ग्राहकाला प्ले स्टोअर ते अ‍ॅप दाखवत नाही. आधीच्या ग्राहकांना दिसत राहतं, त्यामुळे मालकाला पत्ताच लागत नाही.

नुसता आकडा वाढवणंही घातक. तो 33, म्हणजे अँड्रॉइड 13 चा, केला आणि `POST_NOTIFICATIONS` परवानगी मागितली नाही, तर अँड्रॉइड 13 वर नव्याने घेतलेल्या अ‍ॅपच्या सूचना गुपचूप बंद राहतात. क्रॅश होत नाही.

तपासायचं तर अँड्रॉइड 13 किंवा त्यापुढच्या एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या आभासी फोनवर, अ‍ॅप पूर्ण काढून नव्याने टाका आणि एक सूचना पाठवा. अपडेट करून तपासलंत, तर जुनी परवानगी टिकून दोष झाकला जाऊ शकतो. दरवर्षी नव्या आवृत्तीचा बीटा आला की हीच चाचणी करा.