रोज दाढी, नाजूक त्वचा: शेव्हर घ्यावा की सेफ्टी रेझर?

सीताबर्डीच्या आमच्या दुकानात रोज हा प्रश्न येतो. आम्ही दोन्ही विकतो, पण आधी विचारतो की त्रास नेमका कसा होतो.

दाढी झाल्याझाल्या गालाची आग होते, लाली येते आणि संध्याकाळपर्यंत जाते, तर पात्याने कातडी खरवडली गेली आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मानेवर कडक पुरळ उठतं आणि उजेडात नीट पाहिलं की त्यात वळलेला केस दिसतो, तर तो केस आत वाढतो आहे. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

हिंगणा एमआयडीसीत नोकरी करणारे आमचे एक ग्राहक तीन पात्यांच्या रेझरने रोज उलटा हातही मारायचे. गाल ठीक, पण गळ्याखाली सतत पुरळ. अशा रेझरमध्ये पुढचं पातं केस किंचित ओढतं, मागचं कापतं, आणि टोक कातडीच्या आत जातं. केस कुरळा असेल तर तिथेच वळतो. त्यांना आम्ही जाळीचा शेव्हर दिला. जाळी मध्ये असल्यामुळे पातं कातडीला लागत नाही आणि केस थोडा वर राहतो. दाढी तुळतुळीत होत नाही, हे आधीच सांगितलं. पहिले दोन आठवडे त्यांना नाराजीच वाटली. चौथ्या आठवड्यात मान शांत झाली.

नागपूरच्या मे महिन्यात मात्र शेव्हर कुरकुरतो. घामाने जाळी कातडीला चिकटते, ओढते, गरम होते. म्हणून दाढी आंघोळीआधी, पंख्याखाली, चेहरा कोरडा करून करा. हात हलका ठेवा. जाळी तापली असं वाटलं तर मिनिटभर थांबा. जाळीला भोक किंवा खाच दिसली तर त्याच दिवशी वापर बंद करा, ती कातडी फाडते.

फक्त आग होत असेल, तर एका पात्याचा सेफ्टी रेझर आम्हाला जास्त पसंत आहे. आंघोळीनंतर लगेच बसा, केस मऊ असतात. साबणाचा फेस ब्रशने दोन मिनिटं जिरवा. रेझर साधारण ३० अंशांवर धरा, दाब देऊ नका, त्याच्या वजनानेच चालू द्या. केसाच्या दिशेने एकच हात. मानेवर केस भलत्याच दिशांना वाढतात, म्हणून बोटाने चाचपून दिशा आधी ओळखा. चार-पाच दाढ्यांनंतर पातं बदला. ते ओढायला लागलं तर त्याआधीच. बोअरच्या जड पाण्यात फेस बसत नाही, तेव्हा पिण्याचं पाणी वाटीभर घ्या. तुरटी चरचरत असेल तर नुसतं थंड पाणी पुरे.

पुरळात पू झाला, किंवा डाग जाड होऊन वाढू लागला, तर दाढी थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. त्यावर आमच्याकडे विकायला काही नाही.

दुकानात येताना दाढी करू नका. दोन दिवसांची वाढ असली की मानेवरच्या केसांची दिशा आम्हाला दाखवता येते.